ओपन बुक प्रोजेक्ट मॅनेजमेंट पेपर: सूची, सूत्रांचं पान आणि घड्याळ (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हे सगळं कोणत्या परीक्षेसाठी आहे?

एमबीए, इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष किंवा नोकरी सांभाळून केलेली व्यवस्थापनाची पदविका. यात प्रोजेक्ट मॅनेजमेंट हा विषय असतो आणि बऱ्याच संस्था त्याचा पेपर ओपन बुक घेतात. खाली मी एक नमुना धरून चाललो आहे: तीन तास, शंभर गुण, पुस्तक आणि स्वतःच्या नोट्स चालतात, साधा सायंटिफिक कॅल्क्युलेटर चालतो. साधारण निम्मे गुण गणितांना, म्हणजे नेटवर्क, पर्ट, क्रॅशिंग आणि अर्न्ड व्हॅल्यू. उरलेले गुण एखाद्या केसवर. तुमच्या पेपरचा साचा वेगळा असेल तर आकडे बदलून घ्या.

व्यावसायिक प्रमाणपत्रांची गोष्ट वेगळी आहे. पीएमपीच्या परीक्षेत पुस्तक नेता येत नाही, त्यामुळे हे पान तिच्यासाठी नाही. प्रिन्स टूची प्रॅक्टिशनर परीक्षा ओपन बुक आहे, पण तिथे फक्त अधिकृत मार्गदर्शक पुस्तक चालतं आणि सूत्रांचा प्रश्नच येत नाही. सातव्या आवृत्तीत 150 मिनिटांत 70 प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटांपेक्षा जेमतेम जास्त. तिच्या तयारीला खालचा सूचीचा भाग उपयोगी पडेल, सूत्रांचा नाही.

पुस्तक उघडायची परवानगी आहे, मग पाठ कशाला करायचं?

जे एका पेपरात दोनदा किंवा जास्त वेळा लागतं ते हातात बसलेलं हवं. फॉरवर्ड पास, बॅकवर्ड पास, टोटल फ्लोट, पर्टचा अपेक्षित कालावधी, आणि PV, EV, AC या तिघांचा अर्थ. यातलं काहीही शोधायला पान उलटावं लागलं तर तयारी अपुरी आहे असं समजा.

पानावर ठेवायच्या गोष्टी दुसऱ्या. EAC ची वेगवेगळी रूपं, TCPI, फ्री आणि इंडिपेंडंट फ्लोटमधला फरक, Z चा तक्ता, कंत्राटांचे प्रकार आणि कोणत्या प्रकारात जोखीम कोणाच्या डोक्यावर. हे क्वचित लागतं आणि लागतं तेव्हा अचूक लागतं. पाठ केलं तरी ऐन वेळी दोन सूत्रं एकमेकांत मिसळतात. ओपन बुकचा खरा फायदा आहे तो इथेच.

पुस्तकाला अनुक्रमणिका असतेच. वेगळी सूची करण्यात वेळ का घालवायचा?

कारण अनुक्रमणिका धड्यांच्या नावाने लावलेली असते आणि प्रश्नपत्रिकेत धड्याचं नाव छापलेलं नसतं. प्रश्न असा येतो: ‘आतापर्यंतचा जादा खर्च एका यंत्राच्या बिघाडामुळे झाला असून पुढील काम मूळ अंदाजानुसार होईल. प्रकल्पाचा अंतिम खर्च काढा.’ आता पुस्तकात ‘कॉस्ट कंट्रोल’ हा धडा काढलात तर पुढे तीस पानं चाळायची आहेत. तुमच्या सूचीत मात्र ‘जादा खर्च एकदाच झाला, पुढे मूळ दराने’ अशी ओळ असेल आणि तिच्यासमोर पान क्रमांक असेल तर दहा सेकंदांत काम झालं.

म्हणून सूची प्रश्नाच्या भाषेत करायची. जुन्या प्रश्नपत्रिका समोर घ्या. प्रत्येक प्रश्नातला जो शब्द किंवा जे वाक्य पद्धत ठरवतं, ते अधोरेखित करा आणि तेच सूचीत उतरवा. पेपर इंग्रजीत असेल तर ते वाक्य इंग्रजीतच लिहा, म्हणजे परीक्षेत नजर नुसती जुळवत जाते. इथे समजावून सांगायला म्हणून मराठीत लिहितो:

- तीन अंदाज दिलेत (आशावादी, संभाव्य, निराशावादी) → पर्ट, वही 22
- ‘अमुक दिवसांत संपण्याची शक्यता किती’ → Z, वही 24, तक्ता वही 25
- ‘95 टक्के खात्री हवी, तारीख सांगा’ → Z उलटा, वही 24 खाली
- नॉर्मल आणि क्रॅश असे दोन-दोन आकडे → क्रॅशिंगचा तक्ता, वही 29
- ‘पुढेही हाच कल राहील’ → EAC पहिलं रूप, सूत्रपान
- ‘मूळ बजेटमध्येच संपवायचं, काय कार्यक्षमता लागेल’ → TCPI, सूत्रपान
- नंतरच्या कामाला धक्का न लावता किती उशीर चालेल → फ्री फ्लोट, वही 18

‘शक्यता किती’ आणि ‘तारीख सांगा’ या दोन ओळी मुद्दाम वेगळ्या ठेवल्या आहेत. गणित तेच, पण एकात तारखेवरून Z काढायचा आणि दुसऱ्यात Z वरून तारीख. घाईत नेमकी हीच दिशा चुकते.

सूची किती मोठी असावी?

ए-फोरची एक बाजू. फार तर पाठपोट एक कागद. त्याहून मोठी झाली की सूचीतच शोधाशोध सुरू होते. साठ-सत्तर ओळी पुरतात. केसच्या प्रश्नांसाठी (भागधारक, जोखीम, बदलांची मंजुरी, टीममधले वाद) वीसेक ओळी वेगळ्या, खालच्या अर्ध्या भागात.

दुसऱ्याची तयार सूची आणून वापरू नका. ती पान क्रमांकांसकट मिळाली तरी तिच्या लेखकाने कोणता शब्द कुठे टाकला ते तुमच्या डोक्यात नसतं. सूची तयार करतानाच अर्धा अभ्यास होतो, आणि तो भाग झेरॉक्स करून मिळत नाही.

पान क्रमांक आणि टॅब यांची व्यवस्था कशी करायची?

आधी सगळ्या कागदांना सलग क्रमांक द्या. बहुतेकांकडे एक वही, एक पुस्तक आणि झेरॉक्सचा एक गठ्ठा असतो, आणि तिन्हीत ‘पान 12’ असतं. म्हणून सूचीत ‘वही 12’, ‘पुस्तक 212’, ‘झे 5’ असं लिहा. झेरॉक्स स्पायरल बाइंड करून घ्या. पंख्याखाली सुटे कागद म्हणजे डोकेदुखी, शिवाय अनेक ठिकाणी सुटे कागद चालतच नाहीत. नियमांचा कागद आधी नीट वाचा. टॅब चालतात का, हाताने लिहिलेल्या नोट्स चालतात का, सोडवलेली उदाहरणं चालतात का, हे संस्थेनुसार बदलतं.

रंगीत टॅब सात-आठ पुरे: नेटवर्क, पर्ट, Z तक्ता, क्रॅशिंग, अर्न्ड व्हॅल्यू, कंत्राट, जोखीम, केसचे साचे. पुस्तकाच्या कडेला चाळीस टॅब लावलेली मुलं दरवर्षी दिसतात. प्रत्येक टॅबवर छोट्या अक्षरांत काहीतरी खरडलेलं असतं आणि ते वाचायला त्यांना पुस्तक तिरकं धरावं लागतं. बारीकसारीक शोध सूचीवर सोडा, टॅब फक्त मोठ्या विभागांना.

सूत्रांच्या पानावर काय लिहायचं?

नुसतं सूत्र लिहून भागत नाही. प्रत्येक सूत्रासमोर तीन गोष्टी हव्यात: ते कधी वापरायचं, उत्तराचं चिन्ह काय सांगतं, आणि एक सोडवलेलं छोटं उदाहरण. उदाहरण का? कारण सूत्र उतरवताना एखादं चिन्ह चुकलं असेल तर ते आकडे टाकल्यावरच कळतं. आणि परीक्षेत शंका आली की शेजारच्या आकड्यांवर ताळा करून बघता येतो.

अर्न्ड व्हॅल्यूचा भाग असा दिसेल:

```
CV  = EV - AC      ऋण = खर्च जास्त
SV  = EV - PV      ऋण = काम मागे
CPI = EV / AC      1 पेक्षा कमी = खर्च जास्त
SPI = EV / PV      1 पेक्षा कमी = काम मागे

EAC (1) = BAC / CPI
EAC (2) = AC + (BAC - EV)
EAC (3) = AC + (BAC - EV) / (CPI * SPI)

VAC  = BAC - EAC
TCPI = (BAC - EV) / (BAC - AC)
```

पहिल्या चारही सूत्रांत EV पुढे आहे, हे लक्षात घेतलं की चिन्हांचा गोंधळ कायमचा मिटतो. वजाबाकी असेल तर EV मधून काहीतरी वजा करायचं आणि भागाकार असेल तर EV ला कशाने तरी भागायचं. खर्चाची चौकशी असेल तर AC, वेळापत्रकाची असेल तर PV.

EAC ची तीन सूत्रं आहेत. कोणतं वापरायचं हे कसं ओळखायचं?

एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून बघू. दहा महिन्यांचं काम, एकूण बजेट 40 लाख रुपये. पाच महिन्यांअखेर योजनेप्रमाणे निम्मं काम व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात 40 टक्के झालं, आणि खर्च झाला 18 लाख.

इथे BAC 40, PV 20, EV 16 आणि AC 18. EV काढताना बजेटच्या 40 टक्के घ्यायचे. काही जण झालेल्या खर्चाच्या 40 टक्के घेतात आणि मग पुढचं सगळंच कोसळतं. CV झाला उणे 2 लाख, SV उणे 4 लाख, CPI 16/18 म्हणजे 0.889, SPI 0.8. खर्च जास्त आणि काम मागे, दोन्ही बाजूंनी वाईट.

आता अंतिम खर्च. ‘पुढेही हाच कल राहील’ असं प्रश्नात असेल तर पहिलं सूत्र, 40 भागिले CPI, उत्तर 45 लाख. ‘झालेला जादा खर्च एकवेळचा होता, उरलेलं काम मूळ अंदाजाने होईल’ असं असेल तर दुसरं: 18 अधिक 24, म्हणजे 42 लाख. ‘मागे पडलेलं वेळापत्रक भरून काढण्याचा दबावही खर्चावर पडेल’ अशा अर्थाचं काही असेल तर तिसरं: 24 ला 0.889 आणि 0.8 यांच्या गुणाकाराने भागून 33.75, त्यात 18 मिळवले की 51.75 लाख.

म्हणजे एकाच माहितीवर 42, 45 आणि 51.75 अशी तीन उत्तरं निघतात आणि तिन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. कोणतं घ्यायचं हे प्रश्नातलं एक वाक्य ठरवतं. म्हणूनच ही तीन वाक्यं सूचीत हवीत. प्रश्नात असं वाक्यच नसेल तर पहिलं सूत्र घ्या आणि उत्तराच्या वर एक ओळ लिहा: ‘सध्याची खर्चाची कार्यक्षमता पुढेही कायम राहील असं गृहीत धरलं आहे.’ ही ओळ लिहायला दहा सेकंद लागतात. वेगळं उत्तर धरून बसलेल्या तपासनीसाला तुमची पद्धत तिच्यामुळे कळते.

आणखी एक गोष्ट पानावर लाल पेनने लिहून ठेवा: मधल्या पायरीत आकडा गोल करायचा नाही. CPI 0.9 धरला तर EAC 44.44 लाख येतो, म्हणजे 55 हजारांहून जास्त फरक. कॅल्क्युलेटरवर 40 × 18 ÷ 16 असं थेट केलं की 45 येतं.

पर्टमध्ये उत्तर थोडंसं चुकतं. नक्की कुठे?

बहुतेक वेळा प्रमाण विचलनांची बेरीज केलेली असते. समजा क्रिटिकल पाथवर तीन कामं आहेत आणि त्यांचे अंदाज दिवसांत असे: 3-5-13, 4-6-8 आणि 2-5-8.

```
te = (to + 4*tm + tp) / 6
variance = ((tp - to) / 6)^2
Z = (दिलेला कालावधी - एकूण te) / sqrt(एकूण variance)
```

अपेक्षित कालावधी 6, 6 आणि 5, एकूण 17 दिवस. व्हेरियन्स 2.78, 0.44 आणि 1.00, एकूण 4.22. त्याचं वर्गमूळ 2.055. वीस दिवसांत काम संपण्याची शक्यता विचारली असेल तर Z = 3 / 2.055 = 1.46, आणि तक्त्यावरून सुमारे 92.8 टक्के.

वर्गमूळ आधी काढून मग बेरीज केली तर 1.67, 0.67 आणि 1 मिळून 3.33 होतात, Z येतो 0.90 आणि शक्यता 81.6 टक्के. उत्तर विश्वसनीय दिसतं, म्हणूनच चूक लक्षात येत नाही. ओळखायची खूण म्हणजे वर्गमूळ शेवटी एकदाच काढलेलं असायला हवं. तुमच्या रफ कामात वर्गमूळ तीनदा दिसलं की थांबा.

दुसरा सापळा तक्त्यात आहे. काही पुस्तकांतला तक्ता मध्यापासून Z पर्यंतचं क्षेत्रफळ देतो. तिथे 1.46 समोर 0.4279 असतं, आणि त्यात 0.5 मिळवावे लागतात. काही तक्ते थेट 0.9279 देतात. तुमचा तक्ता कोणता हे ओळखायला Z = 0 ची नोंद बघा. तिथे 0.5 असेल तर काहीही मिळवायचं नाही. हे घरीच बघून तक्त्याच्या वर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

व्हेरियन्स फक्त क्रिटिकल पाथवरच्या कामांची घ्यायची, सगळ्या कामांची नाही. हे सांगायची गरज नाही असं वाटतं, पण तक्त्यात सगळ्यांचे रकाने भरलेले असले की हात आपोआप सगळ्यांची बेरीज करतो.

क्रॅशिंगला सूत्र एकच आहे, तरी वेळ का जातो?

कारण तिथे सूत्राचं काम पहिल्या दोन मिनिटांत संपतं. कॉस्ट स्लोप म्हणजे क्रॅश आणि नॉर्मल खर्चातला फरक, भागिले नॉर्मल आणि क्रॅश कालावधीतला फरक. खरी मेहनत पुढे असते, प्रत्येक दिवस कमी केल्यावर सगळे मार्ग पुन्हा मोजण्यात. म्हणून नोट्समध्ये सूत्राऐवजी रिकाम्या तक्त्याचा साचा ठेवा: डावीकडे सगळे मार्ग आणि त्यांची लांबी, वरच्या बाजूला पायऱ्या, खाली वाढलेला खर्च.

छोटं उदाहरण घ्या. एक मार्ग A-C-E, 5 + 5 + 4 मिळून 14 दिवस. दुसरा B-E, 8 + 4 मिळून 12 दिवस. एक दिवस कमी करायचा खर्च A ला 1,000 रुपये, B ला 1,500, C ला 2,500 आणि E ला 2,200. A तीन दिवस कमी होऊ शकतो, E एक दिवस. प्रकल्पाचा अप्रत्यक्ष खर्च रोज 2,300 रुपये.

पहिले दोन दिवस A वर कमी करायचे, कारण तो सर्वात स्वस्त. आता दोन्ही मार्ग 12 दिवसांचे झाले. A अजून एक दिवस कमी होऊ शकतो, म्हणून बरेच जण त्यावरच पुढे जातात. 1,000 रुपये खर्च होतात आणि प्रकल्प 12 दिवसांवरच राहतो, कारण B-E हलला नाही. तिसऱ्या दिवसासाठी खरे पर्याय दोन: A आणि B मिळून 2,500, किंवा दोन्ही मार्गांवर असलेला E एकटा 2,200. E घ्यायचा. 2,200 खर्चून 2,300 वाचतात, म्हणजे शंभर रुपये फायदा आणि प्रकल्प 11 दिवसांवर. चौथ्या दिवसाला सगळ्यात स्वस्त पर्याय 2,500 चा आहे, तो 2,300 पेक्षा जास्त, म्हणून थांबायचं. सर्वात किफायतशीर कालावधी 11 दिवस.

सूचीत क्रॅशिंगच्या ओळीपुढे ‘प्रत्येक पायरीनंतर सगळे मार्ग मोज, सामाईक काम बघ’ एवढं लिहून ठेवा.

तीन तासांचं गणित कसं मांडायचं?

180 मिनिटांतली पहिली दहा प्रश्नपत्रिका वाचायला आणि प्रत्येक प्रश्नासमोर सूचीतला पान क्रमांक टाकायला. हे एकदाच केलं की नंतर प्रत्येक वेळी सूची उघडावी लागत नाही. शेवटची वीस मिनिटं तपासणीला. उरली 150 मिनिटं आणि शंभर गुण, म्हणजे गुणामागे दीड मिनिट. वीस गुणांच्या क्रॅशिंगला तीस मिनिटं, दहा गुणांच्या अर्न्ड व्हॅल्यूला पंधरा.

शोधाशोध या दीड मिनिटातच बसवायची असते, आणि तयारीत हे कोणी धरत नाही. एका पेपरात वीस वेळा पान उघडलं आणि दर वेळी दोन मिनिटं गेली तर चाळीस मिनिटं गेली. तेवढ्यात क्रॅशिंगचं एक अख्खं गणित सुटतं. म्हणून एका शोधाला कमाल एक मिनिट. तेवढ्यात सापडलं नाही तर जागा सोडून पुढे जा.

गणितं आधी की केस, यावर माझं मत स्पष्ट आहे: गणितं आधी. केस कितीही लिहिता येते, ती उरलेला सगळा वेळ खाऊन टाकते. गणित संपलं की संपलं.

घरी सराव करताना वेळ पुरतो, परीक्षेत पुरत नाही. असं का होतं?

घरी तुम्ही धड्यानुसार सराव करता. पर्टचा धडा उघडा असतो आणि पर्टचंच गणित समोर असतं, त्यामुळे पद्धत ओळखायचा आणि पान शोधायचा वेळ शून्य. परीक्षेतला वेळ तिथेच जातो. म्हणून सरावाला वेगवेगळ्या वर्षांचे प्रश्न मिसळून घ्या. सगळी पुस्तकं बंद, टेबल लहान (कॉलेजच्या बाकावर वही, पुस्तक, उत्तरपत्रिका आणि कॅल्क्युलेटर एकत्र मावत नाहीत), कॅल्क्युलेटर परीक्षेत न्यायचा तोच. मोबाईलवरचा नको.

शेजारी एक कोरा कागद ठेवा. दर वेळी पान उघडलं की काय शोधलं आणि सापडायला किती वेळ लागला ते टिपा. नंतर हा कागद गुणांपेक्षा जास्त कामाचा ठरतो. एकच गोष्ट तीनदा शोधली असेल तर ती पाठ करा. एखादी सापडायला दोन मिनिटं लागली असतील तर सूचीत तिला वेगळ्या शब्दांत आणखी एक नोंद द्या. आणि जे कधीच उघडलं नाही त्या पानांचा भार परीक्षेला नेऊ नका.

पहिला पूर्ण पेपर साडेतीन तासांत सोडवला तरी चालेल. पुढचा तीन तासांत. शेवटचा दोन तास पंचेचाळीस मिनिटांत, कारण परीक्षेच्या खोलीत पुरवणी मागणं आणि हजेरीची सही यांत थोडा वेळ जातोच.

केसच्या प्रश्नात पुस्तकातलं उतरवून काढलं तर?

गुण मिळत नाहीत, निदान फारसे नाहीत. ओपन बुक पेपर काढणाऱ्याला पुस्तकात काय आहे ते तुमच्याकडून ऐकायचं नसतं. जोखीम हाताळायच्या चार पद्धती पुस्तकात आहेत हे त्याला माहीत आहे. केसमधला ठेकेदार पावसाळ्याआधी पायाचं काम संपवू शकणार नाही, तर त्यातली कोणती पद्धत आणि का, हे त्याला हवं असतं. व्याख्या एका ओळीत, उरलेलं सगळं केसमधल्या नावांसह आणि आकड्यांसह. परिच्छेदातून केसमधली नावं काढून टाकली तरी तो तसाच वाचता येत असेल तर तो पुस्तकातून आला आहे हे तपासनीसाला कळतं.

लॅपटॉपवर पीडीएफ चालत असेल तर सूची लागते का?

लागते. Ctrl+F ला नेमका शब्द माहीत हवा, आणि ‘float’ टाइप केलं की साठ ठिकाणी सापडतं. शिवाय हाताने लिहिलेल्या नोट्स स्कॅन केल्या असतील तर त्यात शोध चालतच नाही. पीडीएफला बुकमार्क लावा, फाइल लॅपटॉपवर उतरवून ठेवा, आणि सूत्रपान मात्र कागदावर घ्या. स्क्रीनवर गणित आणि सूत्र आलटून पालटून बघण्यात वेळ जातो.

फ्लोट पुस्तकापेक्षा एकने वेगळा येतो. चूक माझी की पुस्तकाची?

बहुधा कोणाचीच नाही. काही पुस्तकं पहिलं काम शून्यावर सुरू करतात, काही पहिल्या दिवशी. शून्यावर सुरू केलं तर EF = ES + कालावधी, पहिल्या दिवसापासून धरलं तर EF = ES + कालावधी − 1. टोटल फ्लोट दोन्हीत सारखाच निघतो, कारण LS मधून ES वजा केला जातो. फरक पडतो फ्री फ्लोटमध्ये: पहिल्या पद्धतीत पुढच्या कामाचा ES वजा EF, दुसऱ्या पद्धतीत त्यातून आणखी एक वजा. वहीत एक पद्धत आणि पुस्तकात दुसरी असेल तर सूत्रपानावर एकच ठेवा, ती शिकवणाऱ्यांची, आणि उत्तरपत्रिकेत नेटवर्कच्या कोपऱ्यात ‘सुरुवात = 0’ असं लिहा.

गणित अर्ध्यात अडकलं आणि वेळ संपत आली तर?

आकडा येत नसेल तर पायऱ्या लिहा. क्रॅशिंगमध्ये पुढच्या पायरीला कोणतं काम आणि का निवडलं असतं, एवढं एका वाक्यात. अर्न्ड व्हॅल्यूत EV सापडत नसेल तर एक किंमत गृहीत धरा, ती गृहीत आहे असं स्पष्ट लिहा आणि पुढची सगळी सूत्रं तिच्यावर चालवा. पुढच्या भागांचे गुण पद्धतीला असतात, आणि ते जागेवरच सोडून देण्यात अर्थ नाही. नेटवर्कमध्ये बॅकवर्ड पासनंतर सुरुवातीच्या कामाचा LS शून्य आला नाही, तर पहिल्यापासून सगळं मोजू नका. जिथे एकापेक्षा जास्त बाण निघतात त्या गाठी बघा. तिथे पुढच्या LS पैकी सर्वात लहान घ्यायचा असतो आणि चुकून मोठा घेतला जातो.